साहेब, आमच्या कानांचं बघा: प्रेस शॉपमधून मॅनेजरला पत्र लिहायचं तर नेमकं काय मागायचं

कानाला प्लग मिळावेत आणि वर्षातून एकदा कान तपासून मिळावेत म्हणून मॅनेजरला पत्र लिहायचंय, जरा मजकूर सांगा, असं शॉपवरचे लोक विचारत असतात. बहुतेक वेळा जे पत्र जातं ते दोन ओळींचं असतं, मशीनचा आवाज फार आहे तरी प्लग मिळावेत ही विनंती, बस. मग स्टोअरमधून फोमच्या प्लगचं एक खोकं येतं, सुपरवायझरच्या टेबलावर पडून राहतं, चार दिवस पोरं घालतात, मग घामाने कान खाजतो आणि बोललेलं कळत नाही म्हणून काढून ठेवतात आणि विषय तिथेच संपतो. मी सेफ्टीचं काम करतो, अशी खोकी बघून बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण पत्र लिहायची हिंमत माणसाने केलेली असते आणि मागणं अर्धवट असल्यामुळे ती वाया जाते. त्यामुळे इथे आधी एक पूर्ण पत्र देतो आणि मग त्यातली एकेक ओळ कशासाठी आहे ते सांगतो.

उदाहरण घेतलंय चाकण-भोसरीकडे जागोजागी दिसतं तसल्या प्रेस शॉपचं, म्हणजे पत्र्यापासून गाड्यांचे ब्रॅकेट वगैरे दाबून काढणारं. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्याकडे मोजून जे येतील ते घाला.

प्रति,
मा. फॅक्टरी मॅनेजर साहेब,

विषय: प्रेस शॉपमधील कामगारांना कानाचे संरक्षण व दरवर्षी श्रवण तपासणी मिळण्याबाबत

महोदय,

मी 2016 पासून आपल्या प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहे. आठ तासांच्या शिफ्टमध्ये मी साधारण 5 तास प्रेसवर, 2 तास ग्राइंडिंगला आणि उरलेला वेळ पॅकिंगमध्ये असतो. मागच्या मोजणीत प्रेसजवळ 97 आणि ग्राइंडिंगजवळ 95 डेसिबल आवाज आला होता. नियमाप्रमाणे 97 ला 3 तास आणि 95 ला 4 तास एवढीच मुभा आहे. माझा हिशोब मर्यादेच्या दुपटीपेक्षा जास्त होतो. लाईनवरच्या इतरांचंही तसंच आहे.

शिफ्ट सुटल्यावर आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कानात शिट्टी वाजते. फोनवर आणि घरात बोललेलं नीट समजत नाही.

तरी आमची मागणी अशी आहे. प्रेस आणि ग्राइंडिंगच्या प्रत्येक कामगाराला, ठेकेदाराच्या माणसांसकट, त्याच्या कानाला बसेल असं संरक्षण मिळावं, म्हणजे दोन-तीन साईजचे प्लग आणि ज्यांना प्लग चालत नाहीत त्यांना इअरमफ, आणि ते घालायचे कसे हे प्रत्येकाला एकदा प्रत्यक्ष दाखवावं. खराब झाल्यावर बदलून मिळण्याची सोय शॉपवरच असावी.

सर्वांची ऑडिओमेट्री शांत बूथमध्ये, सुट्टीनंतरच्या दिवशी शिफ्ट सुरू होण्याआधी व्हावी. पहिला रिपोर्ट मूळ रिपोर्ट म्हणून जपून ठेवावा आणि दरवर्षीचा रिपोर्ट त्याच्याशी ताडून बघावा. तपासणीत 3000 आणि 6000 हर्ट्झही घ्यावेत. रिपोर्टची प्रत आम्हाला मिळावी. तपासणीचा खर्च आमच्या पगारातून कापू नये आणि रिपोर्टमुळे कोणाचं काम जाऊ नये.

हवेच्या नोझलचा आणि जॉब बिनमध्ये पडतानाचा आवाज कमी करता येईल, त्यावर आम्ही मेंटेनन्ससोबत बसायला तयार आहोत.

याबाबत 15 दिवसांत आमच्याशी चर्चा करावी ही विनंती.

आपला विश्वासू,
(नाव, टोकन नंबर, विभाग, तारीख, सोबत इतरांच्या सह्या)

प्रत: सेफ्टी ऑफिसर, युनियन प्रतिनिधी

आता हे असं का लिहिलंय ते बघू.

सुरुवातीला आकडे आहेत, त्याचं कारण 'आवाज फार आहे' या वाक्यावर मॅनेजर काहीच करू शकत नाही, त्याच्यासाठी ती नुसती तक्रार असते. पण अमुक ठिकाणी 97 डेसिबल आहे आणि माणूस तिथे 5 तास उभा राहतो असं कागदावर आलं की ते मोजून खोडावं लागतं नाहीतर मान्य करावं लागतं. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत मोठ्या आवाजाच्या कामांसाठी मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत. 90 डेसिबलला 8 तास, आणि पुढे प्रत्येक 5 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 95 ला 4 तास, 100 ला 2 तास, 105 ला 1 तास. 97 ला 3 तास येतात. 115 च्या वर संरक्षणाशिवाय उभंच राहायचं नाही.

दिवसभरात दोन-तीन वेगवेगळ्या जागी काम असेल तर हिशोब असा करायचा की प्रत्येक जागी घालवलेले तास भागिले तिथे मुभा असलेले तास, आणि सगळ्यांची बेरीज. प्रेसवर 5 भागिले 3 म्हणजे 1.67, ग्राइंडिंगला 2 भागिले 4 म्हणजे 0.5, बेरीज 2.17. पॅकिंग 90 च्या खाली असल्यामुळे धरायचं नाही. ही बेरीज 1 च्या वर गेली की मर्यादा ओलांडली. पत्रात 'दुपटीपेक्षा जास्त' लिहिलंय ते इथून आलंय. आणि हा हिशोब 8 तासांचा आहे हे विसरू नका, आपल्याकडे ओव्हरटाईम धरून 12 तास उभी राहणारी माणसं कमी नाहीत, त्यांच्यासाठी याच हिशोबाने मर्यादा 90 वरून साधारण 87 वर येते.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. ही मर्यादा पाळली म्हणजे कान वाचला असं नाही. अमेरिकेतली एनआयओएसएच ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था 8 तासांसाठी 85 डेसिबल सांगते आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करते, कारण 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. त्या हिशोबाने 97 डेसिबलला मिळतात फक्त 30 मिनिटं. आपल्या नियमात तिथेच 3 तास आहेत. म्हणून कोणी म्हणालं की आपल्याकडे रीडिंग 89 आलंय, लिमिटमध्ये आहे, प्लगची गरज नाही, तर ते ऐकून गप्प बसू नका.

मोजणी झालेलीच नसेल तर? तर पत्रात पहिली मागणी मोजणीची टाका आणि मोजताना तुमचा माणूस हजर असू द्या, कारण मशीन रिकामं फिरवून किंवा अर्धी लाईन बंद असताना घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही. मोबाईलमधलं ॲप अंदाजापुरतं ठीक आहे, पण प्रेसचा आवाज ठोक्याचा असतो आणि फोनचा माईक ते ठोके नीट पकडत नाही, त्यामुळे ॲपचा आकडा पुरावा म्हणून पत्रात घालू नका. त्याहून सोपी खूण म्हणजे हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर तिथला आवाज 85 च्या आसपास किंवा वरच आहे असं धरून चाला.

पत्रातला दुसरा भाग, शिट्टी वाजते आणि बोलणं समजत नाही, तो कोणी भावनेचा भाग समजून काढून टाकेल पण तो राहू द्या, कारण ती लक्षणंच आहेत. आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो त्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात, एका कानात साधारण 15 हजार. आवाजाची लाट आली की त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. मोठ्या आवाजाने त्या थकतात, वाऱ्याने ज्वारी आडवी पडावी तशा, आणि रात्रभर शांतता मिळाली की बऱ्याच अंशी उभ्या राहतात. म्हणून संध्याकाळी टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो आणि सकाळी तोच आवाज मोठा वाटतो. पण रोज रोज तेच झालं की काही पेशी मरतात आणि माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. यावर गोळी नाही, ऑपरेशन नाही. मशीन लावून आवाज मोठा करता येतो, गेलेली पेशी परत येत नाही.

आणि यात दुखत काहीच नाही, हीच खरी अडचण आहे. बोट चेपलं तर शॉप थांबतं, पंचनामा होतो, कान वर्षानुवर्षं जात राहतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. आधी जातो तो वरच्या पट्टीचा आवाज, साधारण 3000 ते 6000 हर्ट्झ, त्यातही 4000 च्या आसपास सगळ्यात जास्त. आता बोलण्यात काय असतं, अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरदार असतात, पण स, श, फ, च, ठ यातली धार वरच्या पट्टीत आणि हलकी असते. त्यामुळे माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. 'सात' म्हटलं की 'हात' ऐकू येतं. 'साठ' की 'पाठ' की 'काठ' हे संदर्भावरून ओळखावं लागतं. समोरासमोर ओठ बघून तो निभावतो, फोनवर अडकतो, लग्नाच्या गर्दीत अडकतो, आणि घरचे म्हणतात की याला ऐकू येतं, हा लक्षच देत नाही. कित्येक घरांत यावरून भांडणं होतात आणि कोणाला सुचतही नाही की हे प्रेस शॉपमधून आलंय.

आता संरक्षण. 'प्लग द्या' एवढं न लिहिता 'कानाला बसेल असं' आणि 'घालायचे कसे ते दाखवावं' हे मुद्दाम लिहिलंय. पाकिटावर एनआरआर म्हणून एक आकडा छापलेला असतो, समजा 29. वाचून वाटतं 97 मधून 29 गेले, 68 राहिले, छान. तसं होत नाही. तो आकडा लॅबमध्ये नीट बसवून काढलेला असतो. शॉपवर जे प्रत्यक्ष मिळतं त्याचा अंदाज घ्यायला एक सावध हिशोब वापरतात, छापील आकड्यातून 7 वजा करायचे आणि उरलेल्याचे निम्मे करायचे. 29 वजा 7 म्हणजे 22, निम्मे 11. म्हणजे 97 चे कानात 86 धरायचे. हे अजूनही 85 च्या वरच आहे. म्हणून प्रेसच्या अगदी जवळ उभं राहणाऱ्याला चांगला इअरमफ किंवा प्लग आणि वर मफ दोन्ही लागू शकतात. दोन्ही घातले तर संरक्षणाची बेरीज करायची नाही, साधारण 5 डेसिबल आणखी मिळतात एवढंच धरायचं, म्हणजे कानात 81 च्या आसपास, तेवढं पुरतं.

फोमचा प्लग घालायची पद्धत नीट बघा कारण नव्वद टक्के घोळ इथे दिसतो मला. हात आधी धुवायचे, तेलकट हाताने प्लग वळला की घाण थेट कानात जाते आणि कान पिकतो आणि मग माणूस म्हणतो प्लगमुळे झालं. प्लग बोटांत वळून बारीक, सुरकुती न पडता काडीसारखा करायचा. मग दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढायचा, त्याने कानाची वाकडी नळी सरळ होते. लगेच प्लग आत सरकवायचा आणि बोटाने 20-30 सेकंद धरून ठेवायचा, तो फुगून बसेपर्यंत. बसला की स्वतःचं बोलणं डोक्यात घुमल्यासारखं येतं. खात्री करायला मशीन चालू असताना दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबायचे, दाबल्यावर आवाज बराच कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही, फारसा फरक पडला नाही तर बसलाय. निम्मा प्लग बाहेर लोंबताना दिसला तर तो शोभेचा आहे.

ज्यांना हातच धुता येत नाहीत दर वेळी, त्यांच्यासाठी दोरीवाले सिलिकॉनचे प्लग बरे, देठ धरून घालता येतात आणि धुवून परत वापरता येतात. चष्मा किंवा दाढी असेल तर इअरमफच्या गादीत फट राहते आणि आवाज तिथून शिरतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली मफ घालून 8 तास काढणं किती त्रासाचं आहे हे एसीत बसून कळत नाही, म्हणून पत्रात एकच प्रकार न मागता पर्याय मागितलेत. माणसाला जे सोसेल तेच तो घालून ठेवेल.

आणि घालून ठेवणं याला फार महत्त्व आहे. समजा 30 डेसिबल अडवणारं उत्तम साधन आहे आणि शिफ्टच्या निम्म्या वेळेला काढून ठेवलं, तर दिवसाच्या शेवटी मिळालेलं संरक्षण 15 नसतं, ऊर्जेच्या हिशोबाने फक्त 3 डेसिबलच्या आसपास भरतं. कारण उघड्या कानाने घेतलेले ते 4 तासच सगळा डोस देऊन जातात. म्हणून बोलायला प्लग काढायचा असेल तर प्रेसपासून लांब जाऊन काढा.

फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येणार नाही ही भीती बरेच जण सांगतात. कान चांगले असतील तर मोठ्या आवाजात प्लग मशीनचा आवाज आणि हॉर्न दोन्ही सारखेच खाली आणतो, त्यामुळे हॉर्न बहुतेक वेळा ऐकू येतोच. ज्याचे कान आधीच कमी झालेत त्याला मात्र खरंच अडचण होऊ शकते, त्याच्यासाठी फोर्कलिफ्टवर लुकलुकणारा दिवा आणि चालायची वेगळी पट्टी हवी. कान कोणाचे कमी झालेत हे कळणार कसं, तर तपासणीनेच.

तपासणीवर पत्रात सगळ्यात जास्त अटी आहेत, कारण फसवी तपासणी ही न केलेल्या तपासणीपेक्षा वाईट. नियमात तरतूद अशी आहे की मर्यादेच्या वर आवाज असलेल्या जागी माणूस कामाला लागला की 14 दिवसांच्या आत कान तपासायचे आणि मग दर 12 महिन्यांत किमान एकदा. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी काय होतं, वार्षिक मेडिकलच्या दिवशी कँटीनमध्ये टेबल लावतात, बीपी बघतात, वजन करतात आणि कानाजवळ कुजबुजून 'ऐकू येतंय का' विचारतात आणि नॉर्मल लिहितात. कुजबुज ऐकू येणाऱ्या माणसाचे 4000 हर्ट्झ पार गेलेले असू शकतात.

खरी तपासणी म्हणजे ऑडिओमेट्री. हेडफोन लावून एकेका कानात वेगवेगळ्या पट्टीचे बीप देतात, ऐकू आला की बटण दाबायचं. ज्या सगळ्यात हलक्या आवाजाला तुम्ही बटण दाबता तो तुमचा आकडा, आणि आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी येतं. प्रौढ माणसाचा 25 पर्यंत ठीक समजतात. हे आवाजबंद बूथमध्येच व्हायला हवं, कँटीनच्या पंख्याच्या आवाजात खालच्या पट्टीतले बीप झाकले जातात आणि आकडे खोटे वाढतात. आणि शिफ्ट करून आलेल्या माणसाचा कान थकलेला असतो त्यामुळे त्याचेही आकडे वाढतात, म्हणून तपासणीच्या आधी किमान 14 तास मोठा आवाज नको. साप्ताहिक सुट्टीनंतर सकाळी शिफ्टच्या आधी घ्या असं लिहिलंय ते यासाठी. आदल्या दिवशी डीजेसमोर नाचू नका हेही सांगून ठेवतो.

3000 आणि 6000 वेगळं का लिहिलं, तर साध्या तपासणीत 1000, 2000, 4000, 8000 असे टप्पे घेऊन मधले वगळतात, आणि आवाजाचा खड्डा कधी कधी नेमका मध्येच पडलेला असतो. खड्डा म्हणतोय कारण आलेखावर तो तसाच दिसतो. वयाने कमी झालेलं ऐकणं पट्टी चढेल तसं उतरत जातं आणि 8000 ला सगळ्यात वाईट असतं. आवाजाने गेलेलं 4000 च्या आसपास खाली जातं आणि 8000 ला थोडं परत वर येतं. दोन्ही कानांत असं दिसलं की 'वय झालं तुमचं' हे उत्तर चालत नाही. टीबीसाठी दिलेली काही इंजेक्शनं, कान वाहण्याचा आजार, थिनरसारखे सॉल्व्हंट यांनीही ऐकणं कमी होऊ शकतं, ते तपासणाऱ्याला खरं खरं सांगा.

मूळ रिपोर्ट का जपायचा ते एका उदाहरणाने. एका ऑपरेटरचे पहिल्या वर्षी उजव्या कानाचे आकडे 2000, 3000, 4000 हर्ट्झला 15, 15, 20 आलेत असं धरू. सरासरी साधारण 17. तीन वर्षांनी तेच आकडे 20, 35, 45 आले, सरासरी 33. आता नुसता नवा रिपोर्ट बघितला तर कोणीही म्हणेल माइल्ड आहे, चालतंय. पण जुन्याशी ताडला की सरासरी 16 डेसिबलहून जास्त घसरलीय. अमेरिकेच्या नियमात या तीन पट्ट्यांची सरासरी मूळ रिपोर्टपेक्षा 10 डेसिबल किंवा जास्त घसरली की कंपनीला लेखी कळवावं लागतं आणि संरक्षण बदलून, परत शिकवून द्यावं लागतं. आपण हीच कसोटी मागायला हरकत नाही. त्याचा अर्थ हा की त्याचा प्लग काम करत नाहीये, किंवा तो घालत नाहीये, किंवा जागा बदलायला हवी. बोलणं समजेनासं व्हायच्या आधी हे कळलं तर उरलेलं वाचवता येतं.

रिपोर्टमुळे काम जाऊ नये ही ओळ लिहायला लोक घाबरतात आणि ती नसली तर तपासणीलाच घाबरतात, बीप ऐकू आला नाही तरी अंदाजाने बटण दाबत बसतात. ठेकेदाराकडच्या पोरांना तर जास्तच भीती, उद्या गेटवर थांबवलं तर काय. म्हणून त्यांचं नाव पत्रात आलंच पाहिजे. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कामगाराची जी व्याख्या होती त्यात ठेकेदारामार्फत आलेला माणूसही धरलेला होता, त्यामुळे 'ते आमचे नाहीत' हे उत्तर तेव्हाही बरोबर नव्हतं.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या शेड्यूलमध्ये कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती, त्यात आवाजामुळे आलेलं बहिरेपण होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या ॲक्टच्या जागी कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य यांसाठीचा नवीन ओएसएच कोड लागू झाला, त्याच्या तिसऱ्या शेड्यूलमध्येही ते आहे. ईएसआय कायद्यातही ते कामामुळे होणाऱ्या आजारांत मोडत होतं आणि त्याच दिवशी त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा कोडमध्येही मोडतं, म्हणजे भरपाईचा दावा करता येतो, पण दाव्याला कागद लागतो आणि तो कागद म्हणजे हे दरवर्षीचे रिपोर्ट. पत्रात मी कलमांचे नंबर मुद्दाम टाकले नाहीत, पहिलंच पत्र नोटिशीसारखं वाटलं की ते थेट एचआरच्या वकिलाकडे जातं आणि शॉपवर काही हलत नाही. मॅनेजरशी बोलताना हेही सांगा की मूळ रिपोर्ट कंपनीच्याही फायद्याचा आहे, माणूस आधीच्या नोकरीतून कान खराब करून आला असेल तर ते पहिल्याच दिवशी कागदावर येतं.

नोझलची आणि बिनची ओळ छोटी आहे पण माझ्या मते पत्रातली सगळ्यात हुशार ओळ तीच. प्रेस शॉपमधला बराच कर्कश आवाज ठोक्याचा नसतोच, जॉब उडवायला लावलेल्या उघड्या हवेच्या पाईपचा असतो. तिथे कमी आवाजाचं नोझल बसवलं, हवेचं प्रेशर लागेल तेवढंच ठेवलं, लोखंडी बिनला आतून रबर लावलं, सैल झालेले गार्ड आवळले की आवाज जागेवरच उतरतो, आणि तो सगळ्यांसाठी उतरतो, प्लग घालणाऱ्यासाठी आणि न घालणाऱ्यासाठीही.

पत्राच्या दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह इनवर्डचा शिक्का किंवा मिळाल्याची सही घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो टाकला म्हणजे पत्र दिलं असं होत नाही. एकट्याने देण्यापेक्षा लाईनवरच्या पाच-दहा जणांच्या सह्या असू द्या, सेफ्टी कमिटी असेल तर तिच्या मीटिंगमध्ये विषय घ्यायला लावून मिनिट्समध्ये लिहून घ्या. 15 दिवसांत काहीच झालं नाही तर जुन्या पत्राची तारीख टाकून स्मरणपत्र. त्यानंतरही हालचाल नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, ज्याला सगळे डिश म्हणतात, तिथे लेखी देता येतं, सोबत दोन्ही पत्रांच्या सही-शिक्क्याच्या प्रती जोडा.

तपासणी सुरू झाली की दरवर्षीच्या रिपोर्टची झेरॉक्स घरी फाईलला लावा, थर्मल कागदावरचा असेल तर आधी झेरॉक्स काढा कारण तो वर्षभरात पुसट होतो. कंपनी सोडताना हिशोबाच्या कागदांसोबत शेवटची ऑडिओमेट्री करून मागा आणि तिची प्रत घेऊनच गेटबाहेर पडा, पुढच्या ठिकाणी तोच तुमचा मूळ रिपोर्ट होईल.